पाणपोईचा दुसरा गिलास

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जगात दोनच पापं ठाऊक होती. एक, दारात आलेल्याला पाणी न विचारणं. दुसरं, पाणी वाया घालवणं. बाकी चुका ते मोठ्या मनानं माफ करत. पण नळ ठिबकत राहिला की घरातल्या सगळ्यांना उभं करून विचारत, "कोण सोडून गेलं हे?" जणू खुनाचा तपास चालू आहे.

मी ऐंशीच्या दशकात लग्न होऊन आदिलाबादला आले तेव्हा ते तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद मांडणारे कारकून, होते. आमचं घर भीमपूरकडे जाणाऱ्या बसच्या रस्त्यावर. कचेरीत दरखास्त घेऊन आलेली, बाजाराला आलेली, सोयरीक जुळवायला निघालेली माणसं आमच्या फाटकापुढच्या कडुलिंबाखाली बसची वाट बघत. होळी झाली की मामाजी त्या लिंबाखाली रांजण मांडायचे. खाली वाळू, वर ओलं लाल फडकं, झाकणीवर दोन पितळी गिलास. पाणपोईची पाटी नव्हती. ती लागतही नव्हती. नव्या सुनेला पहिल्या उन्हाळ्यात मिळालेलं काम म्हणजे ते फडकं ओलं ठेवणं. मी भौतिकशास्त्राची बी.एस्सी. करून आले होते, आणि इथे माझ्या पदवीचा उपयोग बाष्पीभवनाने रांजण गार ठेवण्यापुरता होत होता. मी रागाने फडकं पिळायची. मामाजी म्हणायचे, "सूनबाई, फडक्याचा जीव काऊन घेऊन राह्यली? ओलं राहू दे थोडं."

पुढे मला शाळेत नोकरी लागली, यांची बँकेत बढती होऊन जवळच्या गुडीहत्नूरला बदली झाली, ते रोज बसने ये-जा करू लागले, मामाजी निवृत्त झाले, सासूबाई गेल्या आणि घरात आम्ही तीन माणसं उरलो. नगरपालिकेचा नळ कधी यायचा, कधी नाही, म्हणून अंगणात बोअर मारली. पाणी भरपूर लागलं, पण खारं. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, आणि पाणी तापवायच्या बंबाच्या तळाला पांढरी खपली धरायची.

मामाजींना ते पाणी घशाखाली उतरत नसे. दिवसभरात दोन गिलास प्याले तर डोक्यावरून पाणी. त्यातच त्यांना मुतखडा झाला. नागपूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी मला आणि यांना बाजूला घेऊन सांगितलं, "एक किडनी आधीच अधू झालीय. पुन्हा खडा अडकला तर ती हातची जाईल. यांना भरपूर पाणी पाजा. औषध म्हणाल तर तेच." परतीच्या बसमध्ये हे डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा पुन्हा उलगडून वाचत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

भरपूर पाणी पाजा म्हणणं सोपं होतं. पण खारं पाणी तोंडाशी नेलं की मामाजी कडू काढ्यासारखं तोंड करायचे. म्हणून यांनी हैदराबादच्या एका छोट्या कंपनीचं आरओ यंत्र मागवलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या भागात तसलं यंत्र कुणी पाहिलंही नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ते बसलं तेव्हा शेजारच्या बायका टीव्ही पाहायला याव्यात तशा येऊन गेल्या.

यंत्रातून आलेलं पाणी खरोखर गोड लागायचं. मामाजी पहिल्या दिवशी गिलास रिकामा करून म्हणाले, "हे आपल्या जुन्या गावच्या विहिरीसारखं आहे वो." आणि स्वतःहून दुसरा गिलास मागितला. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी शेवयांची खीर केली.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. यंत्राला मागून एक बारीक नळी होती. ती खिडकीतून बाहेर परसात, कढीपत्त्याच्या झाडाशी सोडली होती. तिच्यातून सारखं पाणी वाहत होतं. मामाजींनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काऊन सांडून राह्यलं?"

मी शिक्षिकेच्या उत्साहाने समजावलं. आत एक पडदा आहे, त्याला मेंब्रेन म्हणतात. छोटा पंप पाणी जोराने त्या पडद्यावर दाबतो. थोडं पाणी पार होतं, ते गोड. उरलेलं सगळा खार बरोबर घेऊन या नळीने बाहेर जातं.

"किती जाते बाहेर?"

"एक गिलास मिळाला तर तीन गिलास जातात, मामाजी."

त्यांनी वाकून त्या धारेखाली ओंजळ धरली. मग म्हणाले, "म्हंजे मी एक गिलास प्यालो का तीन गिलासाचं पाप माह्या डोक्यावर."

मी नळीखाली बादली ठेवली. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरू म्हणून शपथेवर सांगितलं. त्यांचं समाधान झालं असं मला वाटलं. पस्तीस-चाळीस पोरांच्या वर्गाला मी एका नजरेत ओळखायची. सासऱ्यांना ओळखायला मात्र मला दोन उन्हाळे लागले.

पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी होळीनंतर यंत्र बिघडायला लागलं. पाणी भरपूर असताना पंप मध्येच थांबायचा, मग टकटक करून पुन्हा सुरू व्हायचा. गोड पाण्याची टाकी सकाळी पाहावी तर रिकामी. चार दिवसांनी मी शाळेतून आले तर पंप एकसारखा घुमत होता.

"झालं बाई दुरुस्त," मामाजी पेपरमागून म्हणाले.

"कोणी केलं?"

"होते कधी कधी आपोआप."

पुढचे पंधरा दिवस पाणी ठीक आलं. मग धार पुन्हा बारीक होत गेली. पंपाचा आवाज भसाडा झाला. पण बादलीत पडणारं फुकट पाणीही कमी झालं होतं, आणि याचा मला फार अभिमान वाटला. यांना मी सांगितलं सुद्धा, "बघा, यंत्र आता जुळवून घ्यायला लागलंय. पाणी कमी वाया जातंय." भौतिकशास्त्राच्या बाईने असं बोलावं! हे बँकेतले, त्यांनी मान डोलावली.

एप्रिलमध्ये धार सुतासारखी झाली. तांब्या लावला की भाजी फोडणीला टाकून, परतून, झाकण ठेवून यावं, तरी तो अर्धाच. आम्ही दोघांनी ठरवलं, हे पाणी मामाजींसाठीच ठेवायचं, आपण बोअरचं उकळून पिऊ. तरी टाकी सकाळी रिकामीच. मी मनात म्हणायची, चला, निदान मामाजी भरपूर पीत आहेत.

कंपनीला फोन केला. मेकॅनिक येणार म्हणून कळलं तेव्हा मामाजी मागच्या दारी जाऊन आले. मेकॅनिक रात्रभर बसने आलेला, बोलका आणि चहात तीन चमचे साखर घेणारा. त्याने पहिली गाळणी काढली. ती मातीने तपकिरी झाली होती. नवी बसवली, छातीवर हात मारून म्हणाला, "अम्मा, अब नदी बहेगी," आणि परतीच्या बसला पळाला. नदी काही वाहिली नाही. सुताची दोरी झाली आणि आठवड्यात दोरीचं पुन्हा सूत झालं.

मेच्या सुरुवातीला एका सकाळी मामाजी कमरेला हात लावून पायरीवरच बसले. कपाळावर घाम होता. मी ती कळ नागपूरच्या वेळी पाहिली होती. गावातल्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. खडा होता. लहान होता, पण त्याच अधू किडनीच्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, "इतक्यात ऑपरेशन नको. पाणी प्यायले तर पडून जाईल. लघवी इतकी पिवळी कशी? हे पाणी पितच नाहीत का?"

मला ते बोलणं लागलं. घरातलं सगळं गोड पाणी ज्यांच्यासाठी ठेवलं, ते पितच नाहीत? यांनी सगळा राग कंपनीवर काढला. बँकेतून फोन करून इतके ओरडले की म्हणे कॅशियरने नोटा मोजणं थांबवलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मेकॅनिक न सांगता दारात हजर.

मामाजी आतल्या खोलीत पडून होते. मेकॅनिक आल्याचं त्यांना कळलं तेव्हा ते उठायला लागले. "मी परसात जाऊन येतो जरा."

"कुठेही जायचं नाही," मी म्हटलं. "पडून राहा." आणि दार ओढून घेतलं.

रांजण भरायचा राहिला होता. मामाजी तो रोज पहाटे, आम्ही उठायच्या आधी भरून ठेवत. त्या दिवशी मी बोअरच्या दोन घागरी नेऊन ओतल्या, फडकं ओलं केलं आणि परत येऊन मेकॅनिकच्या डोक्याशी उभी राहिले. या वेळी त्याला चहा कामानंतर मिळणार होता.

त्याने पंपाच्या पुढे दाबाचा काटा लावला. काटा साठाच्या पुढे जायला हवा, तो तिसापाशीच थरथरत थांबला. "पंप कमजोर," तो म्हणाला. मग तारा बघता बघता त्याचा हात थबकला. पंपाच्या अलीकडे एक छोटा प्रेशर स्विच असतो. छतावरच्या बोअरच्या टाकीतलं पाणी संपलं की तो पंप बंद करतो, म्हणजे पंप कोरडा फिरत नाही. त्या स्विचच्या दोन्ही तारा काढून एकमेकींना पीळ घालून जोडल्या होत्या, वर काळी चिकटपट्टी.

"ये डायरेक्ट किसने किया?"

मी काय सांगणार? "आपोआप" असं सांगता आलं असतं. त्याने स्विच उघडून दाखवला. आतली टोकं काळी पडली होती. म्हणूनच तो पाणी असतानाही पंप थांबवत होता. स्विच बदलायला हवा होता, तो कुणीतरी वाटेतून काढूनच टाकला होता. मग रोज दुपारी वरची टाकी संपायची तेव्हा पंप कोरडा घुमत राहायचा, आणि तसा घुमून घुमून तो थकला होता.

मग तो नळीच्या मागावर खिडकीतून परसात गेला आणि तिथूनच ओरडला, "अम्मा! इधर आओ!"

कढीपत्त्याच्या मागे, पानांत नीट लपवून, ती टाकाऊ पाण्याची नळी दुमडलेली होती. दुमडीवर आमच्या दोरीवरचा कपडे वाळवायचा लाकडी चिमटा. तो सटकू नये म्हणून वर सुतळी. गाठ मी लगेच ओळखली. कचेरीतली मिसल, म्हणजे कागदांचा गठ्ठा, बांधायची गाठ होती ती. आमच्या घरात ती एकाच माणसाला येते.

मेकॅनिकने मेंब्रेनची नळकांडी उघडली. आतली गुंडाळी ओढूनही निघेना. निघाली तेव्हा तिच्या कडेला पांढरी खपली, थेट आमच्या बंबाच्या तळासारखी. खार वाहून नेणारं पाणीच अडवलं, तर खार जाणार कुठे? तो पडद्यावरच बसला. नळी दाबली की आधी थोडे दिवस गोड पाणी जास्त मिळतं, आणि मग पडदाच बुजतो. स्विच बिघडला म्हणून तारा जोडल्या, तारांमुळे पंप गेला, पंप गेला म्हणून नळी दाबली, नळीमुळे मेंब्रेन गेलं. आगीतून फुफाट्यात, आणि प्रत्येक पाऊल मोठ्या विचारानं टाकलेलं!

"घर में कितने लोग?" मेकॅनिकने विचारलं.

"तीन."

"तीन लोग इतना पानी निकालते? शादी है क्या?"

मी उत्तर द्यायच्या आत फाटकातून हाक आली. भीमपूरकडची एक म्हातारी, दर बाजाराला येणारी, हातात पितळी गिलास घेऊन उभी होती.

"बाई, पेशकार सायेब कुठं हायेत? आज पाणी खारं लागून राह्यलं वो."

"अहो आजी, नेहमीचंच आहे. बोअरचं."

"नाई वो माय. दोन उन्हाळे झाले, तुमच्या रांजणात गोड पाणी असते. आमच्या गावात सांगतो आमी, पेशकारायच्या दारी विहिरीवानी पाणी हाय."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे आंधळी मीच होते, आणि पीठ खाणारं सगळं भीमपूर होतं. मग एकदम दुसरी गोष्ट लक्षात आली आणि हसू आलं नाही. मी आत गेले.

मामाजी पलंगावर उठून बसले होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. कचेरीत चुकीची नोंद सापडलेल्या माणसासारखे खाली बघत होते.

"मामाजी, यंत्राचं पाणी रांजणात जात होतं?"

"हो."

"सगळं?"

"उन्हाळा भारी हाय यंदा. माणसं बी वाढली."

"मग तुम्ही काय पीत होता?"

पलंगाखाली त्यांचा तांब्या होता. मी उचलून तोंडाला लावला. बोअरचं खारं पाणी, आणि तेही कालचं, अर्ध्याहून जास्त तसंच. मला संताप आला. मी सासऱ्यांशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते, त्या दिवशी चढवला. "ते यंत्र तुमच्यासाठी आणलंय! तुमची किडनी जाईल! लोकांना बोअरचं पाणी दिलं असतं तर काय झालं असतं?"

तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"सूनबाई, जे पाणी माह्या पोटात दगड करते असं तुमीच मले सांगता, ते मी रस्त्यावरच्या माणसाले कसं पाजू?"

मला रडू आलं. राग होता म्हणून आलं, आणि हा माणूस माझा सासरा आहे म्हणूनही आलं. दारात मेकॅनिक पाना हातात धरून उभा होता. त्याला मराठी किती कळलं कोण जाणे, पण तो नाक ओढत म्हणाला, "अम्मा, आधा-आधा मिलाओ. आधा बोर, आधा मशीन. चलता है." मग त्याने तपासायची छोटी बाटली काढली, दोन्ही पाणी मिसळून गिलासात दिलं. खरंच चाललं. जुन्या विहिरीसारखं नाही, पण डाळ शिजेल आणि घशाखाली उतरेल असं.

नवं मेंब्रेन, नवा पंप, नवा स्विच, आणि नळी मोकळी. चिमटा मी परत दोरीवर लावला. मेकॅनिकला चहात चार चमचे साखर घातली.

संध्याकाळी हे आल्यावर मी घरात कायदा केला. रांजणात अर्धं यंत्राचं पाणी जाईल, मला मंजूर. बादलीतलं खारं पाणी वाया न घालवता फरशीला जाईल, तेही मंजूर. पण रांजणाशी खुर्ची मांडून मामाजींनी बसायचं, शेजारी फक्त यंत्राच्या पाण्याचा त्यांचा तांब्या, आणि पाणपोईवर जो कुणी एक गिलास पिईल, त्याच्याबरोबर मामाजींनी एक गिलास प्यायचा.

"शंभर माणसं आली तर?" मामाजी घाबरले.

"तर दहा गिलासांनंतर मी सुट्टी देईन."

हे हसले. मामाजी हसले नाहीत. त्यांना वाटलं, दुसऱ्या दिवशी मी विसरेन. मी विसरले नाही, पण मला सारखं लक्ष ठेवणंही शक्य नव्हतं. ते काम म्हातारीने केलं. ती पुढच्या बाजाराला आली, गिलास भरला, आणि मामाजी तसेच बसलेले पाहून तिने तो झाकणीवर ठेवून दिला.

"बाईनं सांगतलं मले सारं," ती म्हणाली. "तुमी आमाले गोड पाजलं आन् सोता खारं पेले. आता तुमी घ्या आंदी. तुमी नाई पेले तर मी बी नाई पेत."

आणि ऊन डोक्यावर असताना ती खरंच न पिता उभी राहिली. बस आली, बस गेली. तिने बसकडे पाहिलंही नाही. मामाजींनी निमूट तांब्या उचलला. ते प्याले, मग ती प्यायली.

ती बातमी तिच्याबरोबर भीमपूरला गेली. त्यानंतर जो यायचा तो गिलास भरून आधी मामाजींच्या तोंडाकडे बघायचा. "सायेब, घ्या." दारात आलेल्या माणसाला तहानलेलं ठेवण्याचं पाप त्यांच्याच्याने होईना, म्हणून ते पीत गेले. दुपारपर्यंत पोट डबडबायचं. लघवीला चारदा उठायचे आणि माझ्याकडे रागाने बघायचे.

मृगाच्या सुमारास एका सकाळी ते न्हाणीतून बाहेर आले, ते हातात काडेपेटी घेऊन. आत तुरीच्या दाण्याहून लहान, खरबरीत, तपकिरी असं काहीतरी होतं. मला बघायला दिलं, यांना बघायला दिलं. नागपूरला जायची गरज उरली नाही, हे आम्हाला ती इवलीशी वस्तू बघूनच कळलं. यांनी वडिलांना मिठी मारली. त्या घरात असं पहिल्यांदाच घडलं होतं.

बाजाराच्या दिवशी म्हातारी आली. पाऊस जवळ आला होता, रांजण आता उचलायचाच होता. मामाजींनी तिच्यापुढे काडेपेटी उघडली. तिने डोळे बारीक करून पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि कमरेला खोचलेला पदर डोळ्यांना लावला.

"हे तुमी सगळ्यायनं पाडलं," मामाजी म्हणाले.

तिने काडेपेटी बंद करून त्यांच्या हातात दिली, रांजणातून एक गिलास भरला, आणि नेहमीसारखा झाकणीवर ठेवून वाट बघत उभी राहिली.